मोबाइलवरील परवानगीची चौकट : कॅमेरा, ठिकाण आणि संपर्कयादी

खरिपाची पेरणी आटोपल्यावर पीक पाहणीची नोंद करण्यासाठी शेतकरी मोबाइल घेऊन शेतात जातो. गट क्रमांक निवडतो, पिकाचे नाव व क्षेत्र भरतो आणि छायाचित्र काढण्याचे चिन्ह दाबतो. तोच पडद्यावर एक लहानशी चौकट येऊन उभी राहते. तिच्यात इंग्रजीत एक प्रश्न असतो व त्याखाली दोन-तीन ओळी. आतापर्यंतचे काम मराठीत चाललेले असते. मग ही इंग्रजी मध्येच कोठून आली, हे त्याला उमगत नाही. कोणी काम अडू नये म्हणून सर्वांत वरची ओळ दाबून मोकळा होतो. कोणी फसवणुकीच्या बातम्या ऐकून बिचकलेला असतो. तो शेवटची ओळ दाबतो आणि मग कॅमेरा उघडतच नाही. नोंद अपुरी राहिली तर सातबाऱ्यावर पीक चढत नाही, आणि पुढे विमा, हमीभावाची खरेदी किंवा नुकसानभरपाई यांच्या वेळी तो शेतकरी अडचणीत येतो. उलटपक्षी, प्रत्येक चौकटीस होकार देण्याची सवय जडलेला माणूस एखाद्या कर्जाच्या ॲपलाही तसाच होकार देतो व त्याचे फळ त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांना भोगावे लागते. म्हणून या चौकटीचे स्वरूप गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे व शेतकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवावे. येथील वर्णन अँड्रॉइड फोनचे, त्यातही अकराव्या किंवा त्यापुढील आवृत्तीचे आहे. जुन्या फोनवर ओळी कमी असतात व काही कंपन्यांच्या फोनवर त्यांची ठेवण निराळी असते. परंतु तत्त्व तेच आहे.

पहिली गोष्ट ही की, ही चौकट ॲपची नसते. ती फोनची असते. ॲप केवळ फोनकडे मागणी करते, आणि फोन आपल्या शब्दांत मालकाला विचारतो. या प्रश्नाचे शब्द ॲप बनविणाऱ्याला बदलता येत नाहीत. फोनची भाषा इंग्रजी ठेवलेली असेल, तर मराठी ॲपमध्येही चौकट इंग्रजीत येते. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीच्या ॲपचे काम मराठीत चालत असताना चौकट इंग्रजीत दिसते, ती याच कारणाने. आणि याचाच दुसरा अर्थ असा की, फोनची भाषा मराठी केली, तर संपूर्ण इंग्रजी, हिंदी किंवा तेलुगू ॲपमध्येही परवानगीचा प्रश्न मराठीत येईल. ज्या ॲपमधील एक ओळही वाचता येत नाही, त्याने काय मागितले हे निदान स्वच्छ कळेल.

भाषा बदलण्याची रीत अवघड नाही. दातेरी चाकाचे चिन्ह असलेले Settings उघडावे, System मध्ये जावे व तेथे Languages शोधावे. काही फोनांत ते General management किंवा Additional settings या नावाखाली असते. तेथे नवी भाषा जोडण्याची ओळ असते. यादीत ‘मराठी’ हे नाव मराठी अक्षरांतच लिहिलेले असल्याने ते सापडण्यास अडचण पडत नाही. ते जोडून यादीत सर्वांत वर ओढून ठेवावे. मात्र बदल करण्यापूर्वी आपण कोठून कोठे आलो, हे कागदावर लिहून ठेवावे, म्हणजे नको वाटल्यास परत जाता येते. एक फोन घरात चौघांनी वापरावयाचा असेल, तर कॉलेजात जाणारा मुलगा बहुधा या बदलास नाखूष असतो. अशा घरी पुढील खुणा उपयोगी पडतील.

फोनची खरी चौकट उघडली की मागील पडदा किंचित अंधुक होतो. चौकटीच्या माथ्यावर एक लहान चित्र असते : कॅमेऱ्यासाठी कॅमेरा, ठिकाणासाठी टाचणीसारखी खूण आणि संपर्कयादीसाठी माणसाची आकृती. चौकट येण्याअगोदर पुष्कळदा ॲप स्वतःचे एखादे पान दाखविते; त्यावर मोठी रंगीत चित्रे व गोड मजकूर असतो. ते पान ॲपचे असल्यामुळे त्यात काहीही लिहिलेले असू शकते. परवानगी दिली जाते ती त्या पानावर नव्हे, तर त्यानंतर येणाऱ्या लहान चौकटीत. तेव्हा पानावरील मजकूर समजला नाही तरी बिघडत नाही. चौकटीवरील चित्र मात्र पाहिलेच पाहिजे.

कॅमेऱ्याच्या चौकटीत ॲपच्या नावासह Allow … to take pictures and record video? असे शब्द येतात. ‘या ॲपला छायाचित्रे व चलच्चित्रे घेऊ द्यावयाची काय?’ असा त्याचा अर्थ. खाली तीन ओळी असतात. पहिली While using the app, म्हणजे ॲप वापरात असताना. दुसरी Only this time, म्हणजे या वेळेपुरती. तिसरी Don’t allow, म्हणजे परवानगी नाही. अकराव्या आवृत्तीत तिसऱ्या ओळीस Deny हा शब्द आढळतो. या चौकटीसंबंधी निर्णय करण्यास एकच प्रश्न पुरतो : आताच आपण कोणते चिन्ह दाबले? पिकाचे किंवा रोगट पानाचे छायाचित्र काढण्याचे चिन्ह दाबले असेल, तर कॅमेरा मागणे साहजिक आहे. पहिली किंवा दुसरी ओळ दाबावी. बाजारभाव पाहण्याचे चिन्ह दाबले आणि कॅमेरा मागितला, तर तिसरी. कॅमेऱ्याबाबत फार धास्ती बाळगण्याचे कारण नाही. ॲप बंद करून बाजूस ठेवले असता त्याला कॅमेरा वापरता येत नाही, आणि बाराव्या आवृत्तीपासून कॅमेरा चालू असेपर्यंत पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. छायाचित्र काढीत नसताना ती खूण दिसली, तर मात्र चौकशी करावी.

ठिकाणाच्या चौकटीत Allow … to access this device’s location? असा प्रश्न येतो. खालच्या तीन ओळी कॅमेऱ्याप्रमाणेच; परंतु बाराव्या आवृत्तीपासून त्यांच्यावर नकाशाची दोन वर्तुळे दिसतात. एकाखाली Precise, म्हणजे नेमके, आणि दुसऱ्याखाली Approximate, म्हणजे अदमासे, असे लिहिलेले असते. पुष्कळांची नजर या वर्तुळांकडे जातच नाही, आणि खरी गफलत येथेच होते. अदमासे ठिकाण म्हणजे सुमारे तीन चौरस किलोमीटरचा टापू. एवढ्यात एक लहान गाव शिवारासह मावते. हवामानाचा अंदाज पाहण्यास तेवढे पुरेसे आहे. ढग काही गट क्रमांक पाहून येत नाहीत. पीक पाहणीस मात्र ते चालत नाही, कारण तेथे छायाचित्राबरोबर अक्षांश-रेखांश नोंदले जातात व त्यांवरून शेतकरी त्याच गटात उभा होता किंवा नाही, हे ठरते. तेथे Precise चे वर्तुळ निवडलेले असावे आणि मग While using the app ही ओळ दाबावी. उघड्या आकाशाखाली चांगला फोन साधारणतः पाच मीटरपर्यंत अचूक ठिकाण सांगतो. दाट आमराईत किंवा पत्र्याच्या छपराखाली ही अचूकता बिघडते. म्हणून झाडाखालून बाहेर येऊन एक-दोन मिनिटे स्थिर उभे राहावे.

येथे एक गोष्ट वारंवार घडते. परवानगी दिलेली असते, वर्तुळही बरोबर असते, तरी पडद्यावर चक्र फिरत राहते व ठिकाण येत नाही. अशा वेळी फोनचे ठिकाण दाखविणारे बटणच बंद असते. परवानगी ही एक गोष्ट व बटण ही दुसरी. विहिरीवरील पंपाला वीजजोड मंजूर झाला, म्हणून पंप आपोआप सुरू होत नाही. खटका दाबावाच लागतो. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढले असता जी चिन्हे दिसतात, त्यांत टाचणीचे Location हे चिन्ह उजळलेले आहे की नाही, ते पाहावे. काम झाल्यावर ते पुन्हा बंद करण्यास हरकत नाही.

तिसरी चौकट संपर्कयादीची. तिच्यात Allow … to access your contacts? असे विचारलेले असते. हिची एक खूण अक्षरओळख नसलेल्यासही पटते : हिच्यात तीन नव्हे, दोनच ओळी असतात, Allow आणि Don’t allow. ‘या वेळेपुरती’ ही मधली ओळ येथे नसते, आणि तसे असणे एका दृष्टीने उचितच आहे. कारण संपर्कयादी या वेळेपुरती देता येण्याजोगी वस्तूच नव्हे. कॅमेरा व ठिकाण यांची परवानगी उद्या काढून घेतली, तर उद्यापासून ॲपला नवे छायाचित्र किंवा नवे ठिकाण मिळत नाही. संपर्कयादीचे तसे नाही. होकार मिळताच सर्व नावे व क्रमांक क्षणभरात उचलून परगावच्या यंत्रावर नेता येतात. मग परवानगी काढली, ॲप पुसून टाकले, तरी गेलेली यादी परत येत नाही. ‘देऊन पाहू, नको वाटले तर काढून घेऊ’ ही रीत पहिल्या दोन चौकटींस बऱ्याच अंशी लागू पडते. तिसरीस मुळीच नाही. शिवाय ही यादी एकट्या मालकाचीही नसते. तिच्यात व्याही, भाऊबंद, दूधसंस्थेचा सचिव, मुलीच्या शाळेतील बाई, दवाखान्यातील डॉक्टर अशा शेदोनशे माणसांचे क्रमांक असतात, आणि त्यांपैकी कोणालाही कोणी विचारलेले नसते.

याचा प्रत्यय कर्जाच्या ॲपमध्ये येतो. समजा, एका शेतकऱ्याला जून महिन्याच्या आरंभी सोयाबीनच्या बियाण्यासाठी पंधरा हजार रुपये हवे आहेत. सोसायटीचे कर्ज मंजूर होण्यास अवधी आहे. व्हॉट्सॲपवर आलेल्या एका दुव्यावरून तो एक ॲप उतरवून घेतो. ते संपूर्ण इंग्रजीत आहे. ‘कागदपत्राविना पाच मिनिटांत कर्ज’ एवढेच त्याला मुलाने वाचून दाखविले आहे. ॲप उघडताच, कसलेही चिन्ह दाबण्यापूर्वीच, एकामागून एक चौकटी येऊ लागतात. पहिली कॅमेऱ्याची. दुसरी ठिकाणाची. तिसरी माणसाच्या आकृतीची व दोन ओळींची. चौथीत Allow … to send and view SMS messages? असे शब्द आहेत. शेतकरी चारही वेळा वरची ओळ दाबतो, कारण तसे न केल्यास पुढचे पान उघडत नाही. त्याच्या खात्यावर पंधरा हजारांऐवजी नऊ हजार जमा होतात व सातव्या दिवशी पंधरा हजारांची मागणी येते. तो हुज्जत घालतो. आठव्या दिवशी त्याच्या व्याह्याला फोन जातो की, तुमचा पाहुणा बुडवा आहे. लग्न ठरलेल्या घरी असा फोन गेला म्हणजे काय होते, ते सांगावयास नको. उसनवारी करून पंधरा हजार भरले, तरी ती यादी त्या लोकांकडे राहतेच.

हाच प्रसंग निराळा कसा झाला असता, ते पाहावे. ओळख पटविण्यासाठी कर्ज देणाऱ्याला चेहऱ्याचे छायाचित्र लागते. कॅमेरा मागणे समजण्यासारखे आहे. ठिकाणही एकदा मागितले जाऊ शकते. संपर्कयादीस मात्र कर्जाच्या कामात जागाच नाही. जामीन किंवा ओळखीचा माणूस हवा असेल, तर त्याचे नाव व क्रमांक हाताने भरता येतो. रिझर्व्ह बँकेनेही २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत, आणि पुन्हा ८ मे २०२५ च्या निदेशांत, हेच ठरवून दिलेले आहे : बँका व वित्तसंस्था यांच्यासाठी कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधील फाइली, संपर्कयादी व कॉलची नोंद यांस हात लावू नये, कॅमेरा, मायक्रोफोन व ठिकाण यांचा उपयोग ओळख पटविण्याच्या वेळी एकदाच, कर्जदाराच्या संमतीने करावा. प्ले स्टोअरनेही ३१ मे २०२३ पासून वैयक्तिक कर्जाच्या ॲपना संपर्कयादी व छायाचित्रे मागण्यास मनाई केली आहे. तेव्हा कर्जाच्या ॲपमध्ये दोन ओळींची, माणसाच्या आकृतीची चौकट आली, तर तिथल्या तिथे काम थांबवावे. ॲपमधील इतर काहीही वाचता न आले तरी एवढी खूण पुरेशी आहे. शेवटची ओळ दाबल्यावर ॲप पुढे जाऊ देत नसेल, तर तेच ते पुसून टाकण्याचे कारण समजावे. चौथ्या, म्हणजे संदेशांच्या चौकटीसही नकार द्यावा. बँकेचा सांकेतिक क्रमांक त्याच संदेशांतून येत असतो. यादी आधीच दिली गेली असेल आणि धमकीचे फोन येत असतील, तर पैसे भरून सुटका होईल, असे न मानता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी व यादीतील जवळच्या माणसांना आपणच आधी कळवावे.

संपर्कयादी कोणालाच देऊ नये, असे मात्र नाही. ज्या ॲपचे कामच माणसांशी बोलणे आहे, त्याला ती देणे सोयीचे असते. परंतु पीक, हवामान, बाजारभाव, खते किंवा कर्ज यांपैकी एकाही कामास ती लागत नाही.

आता नकाराविषयी. एका शिवारफेरीत एका शेतकऱ्याने कार्यकर्त्यास विचारले, “भाऊसाहेब, नको म्हटलं आणि मागाहून लागलंच तर?” शंका रास्त आहे. नकार दिल्याने ॲप मोडत नाही, भरलेली माहिती पुसली जात नाही व कोणताही दंड होत नाही. ज्या कामासाठी ती परवानगी हवी होती तेवढे काम अडते, आणि तेही परवानगी देताच सुरू होते. मात्र एकच चौकट दोनदा नाकारली, तर फोन त्या ॲपसाठी ती पुन्हा दाखवीत नाही. मग छायाचित्राचे चिन्ह कितीही दाबले तरी काहीच घडत नाही, आणि शेतकरी म्हणतो, ॲप बिघडले. पुष्कळ जण अशा वेळी ॲप काढून पुन्हा घालतात; त्याची जरुरी नसते. ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरावे, App info किंवा वर्तुळातील i हे चिन्ह दाबावे व Permissions उघडावे. तेथे दिलेल्या व नाकारलेल्या परवानग्यांची यादी दिसते. Camera वर जाऊन Allow only while using the app निवडावे. Location च्या पानावर Use precise location हे बटणही असते. अदमासे ठिकाण चुकून निवडले गेले असल्यास ते येथे सुधारता येते. त्याच पानावर Allow all the time अशी एक ओळ कधी कधी आढळते. ॲप बंद असतानाही आपण कोठे आहोत हे त्याला कळावे, असा तिचा अर्थ. शेतीच्या कोणत्याही नित्याच्या कामास तिची आवश्यकता नाही.

हीच यादी वापरून कार्यकर्त्याने शेतकऱ्याच्या फोनमधील जुनी ॲपही तपासून द्यावीत. Settings मध्ये Privacy खाली Permission manager असते. तेथे Contacts दाबले की संपर्कयादी कोणकोणत्या ॲपकडे आहे, ते एकत्र दिसते. फोन मात्र शेतकऱ्याच्याच हातात राहू द्यावा व बोटही त्याचेच असावे, म्हणजे पुढच्या वेळी त्याला ते साधते.

काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या फोन आपण होऊन काढून घेतो. खरिपाची नोंद ऑगस्टमध्ये केली आणि रब्बीत ॲप उघडले नाही, तर पुढील खरिपात कॅमेरा व ठिकाण यांच्या चौकटी नव्याने येतील. तो फोनमधील दोष नव्हे. पहिल्या वर्षीप्रमाणेच चित्र पाहून, Precise चे वर्तुळ तपासून, ओळ दाबावी.